मोठं घर विकताना हातात काय उरतं?
बालाघाटचं आठ खोल्यांचं घर आई-बाबांना आता झेपत नाही. गिऱ्हाईक साठ लाख देतंय. मी हिशोब मांडला.

घर जुनं, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरतात: मूल्यांकनात दहा लाख. २०२५-२६ च्या महागाई निर्देशांकाने ती ३७.६ लाख होते. नफा २२.४ लाख, त्यावर २० टक्के कर, म्हणजे साडेचार लाख. पण दोन वर्षांत नफ्याहून महाग, २५ लाखांचा फ्लॅट घेतला तर कर शून्य. मात्र तो तीन वर्षं विकायचा नाही.

उरलेल्या ३५ पैकी तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्क्यांनी: तिमाहीला ६१,५०० रुपये. बाकी रजिस्ट्री-दलालीला. दिवाळीला मात्र आम्ही सगळे दोन खोल्यांत.