पहिल्या विक्रीआधीची बिलं

सिंधुदुर्गात दोन भावांनी काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना काढला, असं समजू. मे 2024 मध्ये त्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली, शेड भाड्यानं घेतली आणि बी उकडायचं, कापायचं आणि वाळवायचं यंत्र आणलं. पहिली विक्री झाली 25 एप्रिल 2025 रोजी. तोवर एका पिशवीत वर्षभराची बिलं साठली होती: नोंदणीची फी, प्रकल्प अहवाल, यंत्राची वाहतूक, बँकेचं व्याज, शेडचं भाडं, उद्घाटनाच्या जेवणाचं बिल. धाकटा म्हणाला, “विक्रीच नाही तर नफा नाही. हे सगळं पुढच्या वर्षी एकदम वजा करू.”

आयकराचा कायदा असा हिशेब करत नाही. त्याला पहिल्या विक्रीच्या तारखेपेक्षा धंदा सुरू करायला सज्ज झाल्याची तारीख जास्त महत्त्वाची वाटते. मुंबई उच्च न्यायालयानं 1954 मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स कंपनीच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांच्या त्या निकालानुसार धंदा ‘उभा राहणं’ आणि ‘सुरू होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींच्या मध्ये काही काळ जाऊ शकतो आणि त्या काळातला नेहमीचा खर्च वजावटीला पात्र असतो. म्हणून पिशवीतलं प्रत्येक बिल त्या तारखेच्या अलीकडचं की पलीकडचं, हे आधी पाहायचं.

आपल्या कारखान्यात ती तारीख 10 मार्च 2025 धरू. त्या दिवशी यंत्राची चाचणी झालेली होती, वीजजोडणी आणि अन्न परवाना हातात होता, कामगार ठरले होते आणि हंगामातल्या काजू बियांची पहिली खरेदी झाली. कंपनी नोंदवली म्हणून धंदा उभा राहत नाही, आणि शेडमध्ये यंत्र येऊन पडलं म्हणूनही नाही. करअधिकाऱ्यानं विचारलं तर दाखवायला कागद लागतात: परवान्याची तारीख, चाचणीची नोंद, हजेरीपट, बी खरेदीचं बिल.

आता 10 मार्चनंतरची बिलं घेऊ. मार्चअखेरपर्यंत व्यवस्थापकाचा पगार, ऑफिसची वीज आणि व्यापाऱ्यांना नमुने पाठवण्याचा खर्च मिळून 70,000 रुपये झाले. त्या आर्थिक वर्षात विक्री शून्य असली, तरी हा नेहमीचा धंद्याचा खर्च आहे आणि तो त्याच वर्षी वजा होतो. बियांची खरेदी आणि त्यांवरची मजुरी मात्र वर्षअखेरीस शिल्लक मालाच्या किमतीत दिसते, ती तोट्यात धरायची नाही. उरलेला तोटा पुढच्या आठ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो, पण त्यासाठी त्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरावं लागतं. ‘विक्रीच नाही, मग रिटर्न कशाला’ म्हणून ते लांबवलं की हा हक्क जातो. नव्या धंद्यात सर्रास होणारी ही चूक आहे.

10 मार्चआधीच्या बिलांचे तीन ढीग पडतात.

पहिला ढीग यंत्राला चिकटणारा. यंत्र 26 लाखांचं, त्याची वाहतूक आणि बसवणी 1,10,000, आणि यंत्र वापरात येईपर्यंतचं कर्जावरचं व्याज 90,000. हे खर्च यंत्राच्या किमतीत मिळतात. व्याजाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं 1974 मध्ये चल्लापल्ली शुगर्सच्या खटल्यात मान्य केला. म्हणजे यंत्र हिशेबाला 28 लाखांचं झालं आणि त्यावर घसारा मिळत जाईल. यंत्र वापरात आल्यानंतरचं व्याज मात्र नेहमीचा खर्च होतो, ते किमतीत मिसळायचं नाही.

दुसरा ढीग खऱ्या अर्थानं ‘प्राथमिक खर्चाचा’. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 35डी मध्ये त्याची यादी आहे आणि ती आखूड आहे: प्रकल्प अहवाल, व्यवहार्यतेचा अहवाल, बाजार पाहणी, अभियांत्रिकी सेवा, करार तयार करण्याची वकिली फी, कंपनीच्या घटनापत्रकाचा मसुदा आणि छपाई, नोंदणीची फी, लोकांकडून भांडवल उभारण्याचा खर्च. भावांच्या पिशवीत प्रकल्प अहवालाचे 1,00,000, बाजार पाहणीचे 40,000, नोंदणीचे 25,000 आणि वकिलाचे 15,000 होते. एकूण 1,80,000.

ही रक्कम एकदम वजा होत नाही. धंदा सुरू झाला त्या वर्षापासून सलग पाच वर्षं दरवर्षी एक पंचमांश मिळते. शिवाय तिला कमाल मर्यादा आहे: प्रकल्पाच्या किमतीच्या 5 टक्के. प्रकल्पाची किंमत म्हणजे स्थिर मालमत्तेची किंमत. यंत्र 28 लाख आणि फर्निचर वगैरे 2 लाख मिळून 30 लाख, म्हणून मर्यादा 1,50,000. वरचे 30,000 गेले असते. पण भारतीय कंपनीला गुंतवलेल्या भांडवलाचा पर्याय निवडता येतो. भागभांडवल 11 लाख आणि बँकेचं मुदत कर्ज 25 लाख मिळून 36 लाख, त्याचे 5 टक्के बरोबर 1,80,000. दरवर्षी 36,000 वजा, पाच वर्षांत पूर्ण. भावांनी कंपनीऐवजी भागीदारी फर्म काढली असती, तर हा पर्याय मिळाला नसता आणि वजावटीसाठी सनदी लेखापालाचा तपासणी अहवालही वेळेत द्यावा लागला असता.

तिसरा ढीग मनाला लागणारा. 10 मार्चआधीचं शेडचं भाडं, मुंबई-गोव्याच्या फेऱ्या, उद्घाटनाचं जेवण. हे यंत्राला चिकटत नाहीत आणि 35डी च्या यादीतही बसत नाहीत. धंदा उभा राहण्याआधीचे म्हणून नेहमीच्या खर्चातही येत नाहीत. करापुरते ते बुडीत. म्हणूनच शेड सहा महिने आधी घेऊन ठेवणं महाग पडतं. हे भाडं आपोआप ‘प्राथमिक खर्च’ होतं, असा अनेकांचा समज असतो.

कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाची रीत वेगळी आहे. पूर्वी असे खर्च ताळेबंदात ‘अद्याप निर्लेखित न केलेले’ म्हणून मालमत्तेच्या बाजूला वर्षानुवर्षं लटकत असत. लेखामानक 26 नुसार धंदा सुरू करण्याचा खर्च झाला त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात टाकावा लागतो. म्हणून वह्यांमध्ये 1,80,000 पहिल्याच वर्षी गेले आणि आयकरात 36,000 गेले. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त त्यांची फारकत नोंदवून ठेवायची. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा आयकर कायदा आला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या क्रमांकावर विसंबू नये.

एक गोष्ट पिशवी भरतानाच पाहायची. कंपनी जन्मण्याआधीची बिलं प्रवर्तकाच्या नावावर असतात. ती कंपनीनं स्वीकारल्याचा ठराव संचालक मंडळाच्या पहिल्या बैठकीत करून प्रवर्तकाला पैसे परत दिल्याची नोंद ठेवावी. धाकट्या भावाच्या पिशवीतलं नोंदणीच्या फीचं बिल थोरल्याच्या नावावरच होतं.