चारचौघांत बोललात, आता माफीचा मेल कसा लिहाल?

चाकणच्या एखाद्या कारखान्यातली सकाळची बैठक डोळ्यांसमोर आणा. डिस्पॅचचं नियोजन पाहणाऱ्याने दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष साठा जुळत नाही. आठ-दहा जणांसमोर मॅनेजर म्हणतात, "एवढंही कळत नसेल तर इथे कशाला बसता?" दुपारी उलगडा होतो, की आदल्या रात्रीची नोंद स्टोअरनेच केली नव्हती. नियोजकानेही आकडा पुढे पाठवण्याआधी पडताळला नव्हता, हेही खरं. आता मॅनेजरांना माफीचा मेल लिहायचा आहे, आणि इथेच काही पक्के गैरसमज आडवे येतात.

गैरसमज: अपमान सगळ्यांदेखत झाला, तेव्हा मेलही सगळ्यांना सीसी करावा.

वस्तुस्थिती: असा मेल त्या माणसाला न विचारता पुन्हा सगळ्यांसमोर उभं करतो. सहकारी पाहत असताना त्याला "काही हरकत नाही सर" असंच लिहावं लागतं. पहिला मेल फक्त त्यालाच जावा, एचआरलाही सीसी नको. नाहीतर माफीऐवजी नोंद ठेवल्यासारखं वाटतं. मात्र एवढ्यावर भागत नाही. ज्यांनी ते बोलणं ऐकलं, त्यांच्या मनात नियोजकाबद्दलचं मत तसंच राहिलेलं असतं. ते बदलायला त्याच बैठकीत दोन वाक्यं बोलावी लागतात, पण त्याची संमती घेऊन.

विषयाच्या ओळीत 'माफी' हा शब्दही टाळावा. नियोजकाने कुणाला आपली स्क्रीन दाखवायला घेतली असेल, तर मेल येताच तीच ओळ कोपऱ्यात सगळ्यांना दिसते.

गैरसमज: आपण का चिडलो हे समजावलं, की समोरचा समजून घेतो.

वस्तुस्थिती: ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ७५५ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माफीचे सहा भाग केले: खेद, कारण, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची हमी, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. सर्वांत वजनदार ठरली जबाबदारीची कबुली, त्याखालोखाल भरपाईची तयारी. सर्वांत कमी परिणाम क्षमेच्या विनंतीचा दिसला. ते प्रयोग काल्पनिक प्रसंगांवरचे होते, रोज एकत्र काम करणाऱ्यांवरचे नव्हते. तरी दिशा स्पष्ट आहे. "ग्राहकाचा दबाव होता" हे वाक्य खरं असूनही वाचणाऱ्याला पळवाट वाटते. "वाईट वाटलं असेल तर" यात तर दोष ऐकणाऱ्याच्या मनावर ढकलला जातो.

आपल्या प्रसंगात मेल असा लिहिता येईल:

*विषय: आज सकाळच्या बैठकीबद्दल*

*नमस्कार,*

*आज बैठकीत सगळ्यांसमोर मी तुम्हाला 'एवढंही कळत नसेल तर इथे कशाला बसता' असं म्हणालो. ते माझं चुकलं. स्टोअरची नोंद झाली आहे का, हे न पाहताच मी तुम्हाला दोष दिला. शंका होती तर ती तुम्हाला बाजूला विचारायला हवी होती. मी तुमची माफी मागतो.*

*तुमची हरकत नसेल तर उद्याच्या बैठकीत मी हे सर्वांसमोर सांगेन. नको असेल तर तसं कळवा, कारण द्यायची गरज नाही. यापुढे आकड्यांत फरक दिसला तर बैठकीआधी तुमच्याशी बोलेन. या मेलला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.*

प्रत्यक्ष बोललेले शब्द इथे जसेच्या तसे आले आहेत. "थोडं कडक बोललो" असं सौम्य केलं, की ज्याने ते ऐकलं त्याला मॅनेजर अजून झाकताहेत असं वाटतं. शेवटची ओळही महत्त्वाची आहे, कारण वरिष्ठाला "माफ केलं नाही" असं कोण लिहिणार?

गैरसमज: माफी मागितली, की त्याच्या चुकीबद्दल बोलता येत नाही.

वस्तुस्थिती: बोलता येतं आणि बोलायलाच हवं, पण त्या मेलमध्ये नव्हे. "माझं चुकलं, पण तुम्हीही आकडा तपासायला हवा होता" या वाक्यात माफी उरत नाही. एक-दोन दिवसांनी, दोघंच असताना, पाठवण्याआधी साठा कसा पडताळायचा एवढ्यावरच बोलावं.

गैरसमज: "ठीक आहे सर" असं उत्तर आलं, म्हणजे प्रकरण मिटलं.

वस्तुस्थिती: ते उत्तर बहुतेकदा शिष्टाचाराचं असतं. विश्वास परतला का, हे पुढच्या काही आठवड्यांच्या कामात दिसतं. नियोजक बैठकीत विचारल्याशिवाय बोलत नसेल, साध्या गोष्टीही लेखी मागत असेल, प्रत्येक मेलला आणखी कुणाला तरी सीसी करत असेल, तर तो अजून स्वतःला जपतोय. अशा वेळी दुसरा माफीचा मेल पाठवू नका. पुढच्या वेळी आकडा चुकेल तेव्हा दिलेला शब्द पाळा: बैठकीआधी त्याच्या टेबलापाशी जा आणि विचारा.