तिच्या पहिल्या एकट्या वाढदिवसाला

नवरा गेल्यानंतरचा पहिला वाढदिवस जवळ आला की मैत्रिणींमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, वर्ष झालेलं नाही अजून, शुभेच्छा कशा द्यायच्या? गप्प बसणंच बरं. दुसऱ्या तटाला वाटतं की तिला आज एकटं वाटता कामा नये, म्हणून सकाळीच ग्रुपवर केकची चित्रं, फुलांचे गुच्छ आणि ‘तू खूप खंबीर आहेस’ सुरू होतं. दोघींचाही हेतू मनापासूनचा असतो. पण एकीच्या गप्प बसण्याने तिचा दिवस कोणाच्या लक्षातच नाही असं होतं, आणि दुसरीच्या गजराने तिला दिवसभर ‘सर्वांचे मनापासून आभार’ लिहीत बसावं लागतं.

आपल्याकडे या दिवसाची अडचण आणखी वाढते, कारण वाढदिवसाचे आपले सगळे विधी आणि शब्द जोडीच्या आयुष्याला धरून आहेत. थोरांच्या पाया पडल्यावर इतकी वर्षं ‘अखंड सौभाग्यवती भव’ ऐकलेल्या बाईला यंदा काय आशीर्वाद द्यायचा, हे त्या थोरांनाही सुचत नाही. हात डोक्यावर ठेवून ते नुसतेच थांबतात. ‘उदंड आयुष्य लाभो’ म्हणावं, तर तिच्या कानावर ते एवढी सगळी वर्षं एकटीनं काढायची असं पडतं. निरांजनाचं तबक घेऊन उभ्या असलेल्या सुनेचा हात कुंकवाच्या करंड्याशी अडखळतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ते फार मोलाचं पाऊल होतं. तरी मला वाटतं, मैत्रिणीचा पहिला वाढदिवस हा आपली सुधारक मतं सिद्ध करण्याचा दिवस नव्हे. कुंकू लावून घ्यायचं की नाही, गजरा माळायचा की नाही, हे तिचं तिला ठरवू द्यावं. आपल्या हातात त्या दिवशी आहे तो एक मेसेज. तो नीट लिहिता येतो.

दुःखात असलेल्या माणसांना कोणतं बोलणं उपयोगी पडतं, याचा एक जुना अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. 1986 साली लेहमन, एलार्ड आणि वॉर्टमन या तीन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. वाहन अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की तुम्हाला कोणाचं काय बरं वाटलं आणि काय खुपलं? खुपलेल्या गोष्टींत सल्ले आणि ‘आता सावर’ असा आग्रह ठळकपणे होता. मन मोकळं करायला मिळणं आणि कोणीतरी नुसतं सोबत असणं बरं वाटलेल्या गोष्टींत होतं. त्यांनी पुढे आणखी एक केलं. असं दुःख न भोगलेल्या लोकांनाही विचारलं, की तुम्ही अशा माणसाशी काय बोलाल? त्यांची उत्तरं बरीचशी बरोबर निघाली. म्हणजे काय बोलावं ते आपल्याला साधारण कळत असतं. प्रत्यक्ष त्या माणसासमोर आलो की आपणच घाबरतो आणि त्या घाबरण्यातून ठरावीक वाक्यं बाहेर पडतात.

म्हणूनच हा मेसेज वाढदिवसाच्या सकाळी घाईत लिहू नये. आदल्या दिवशी लिहावा, बाजूला ठेवावा आणि रात्री पुन्हा वाचावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, मैत्रीण साठीची आहे, ठाण्यात राहते, मुलगा बंगळुरूला. नवरा ऑक्टोबरमध्ये गेला आणि वाढदिवस एप्रिलमध्ये आहे. तुमची मैत्री तीस वर्षांची, त्यामुळे तिच्या नवऱ्याला तुम्ही भावोजी म्हणत आलात. पहिला खर्डा बहुतेक असा होतो: ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! येणारं वर्ष तुला सुखाचं जावो. भावोजी जिथे असतील तिथून तुला बघत असतील, तू रडलेलं त्यांना आवडणार नाही. मुलाकडे बघून सावर. निदान त्यांचे हाल झाले नाहीत, यात समाधान मान. काही लागलं तर हक्काने सांग.’

यातलं एकही वाक्य दुष्ट नाही. पण आज्ञार्थी क्रियापदं तेवढी मोजा: सावर, समाधान मान, सांग. प्रत्येक वाक्य तिच्यावर एकेक काम टाकतंय. ‘रडलेलं आवडणार नाही’ या वाक्याने तर तिच्या रडण्याला गेलेल्या माणसाचीच मनाई केली. ‘निदान’ने सुरू होणारं वाक्य तिच्या दुःखाचं माप काढतं. ‘काही लागलं तर सांग’ सगळ्यांत उदार वाटतं, पण काय लागतंय ते शोधायचं, ते मागण्याइतका धीर गोळा करायचा आणि फोन करायचा, ही सगळी धावपळ पुन्हा तिच्याच वाट्याला येते. ‘सुखाचं जावो’ ही इच्छा खरी असली, तरी एप्रिलमध्ये तिला ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर आलेल्या पत्रासारखी वाटेल.

आता त्यातलं सगळं काढून फक्त तुम्हालाच माहीत असलेलं ठेवू. भावोजी तिच्या वाढदिवसाला दरवर्षी हापूसची पहिली पेटी आणायचे. भाव कितीही असो. ती ‘एवढी महाग कशाला’ म्हणायच्या आत त्यातले सहा आंबे तुमच्या घरी पोचलेले असायचे. मग मेसेज असा होतो:

‘आज तुझा वाढदिवस. सकाळपासून भावोजींची आठवण येतेय. पेटी घरात ठेवण्याआधीच आमचे सहा आंबे घेऊन ते जिना चढायचे आणि मला दम द्यायचे, हिला भाव सांगू नका म्हणून. आजचा दिवस तुला कसा जातोय, मला माहीत नाही. मला तुझी खूप आठवण येतेय. संध्याकाळी साडेसहाला मुगाची खिचडी घेऊन येते. बसावंसं वाटलं तर बसू, नाहीतर पिशवी दाराच्या कडीला अडकवून जाईन. डबा परत करायचा नाहीये. उत्तर नाही दिलंस तरी चालेल गं.’

यात गेलेल्या माणसाचा उल्लेख आहे आणि तो मुद्दाम आहे. त्यांचा विषय काढला तर ती रडेल, अशी भीती लोकांना वाटते. तिला मात्र सकाळपासून तेच आठवतंय. ते आणखी कोणाला तरी आठवतायत हे कळलं की तिचं ओझं थोडं वाटून घेतलं जातं. आठवण मात्र ठोस हवी. ‘किती भला माणूस होता’ हे स्मशानातही सगळे म्हणाले. जिना चढणारे भावोजी तुम्ही एकट्यानेच पाहिलेत. आणि ती खरी असावी. आठवण नसेल तर बनवू नये, ‘मी तुझ्या बाजूला आहे’ एवढं एक साधं वाक्य पुरतं.

‘कसा जातोय, मला माहीत नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत जपावंसं वाटतं. कदाचित ती त्या दिवशी नातवाशी व्हिडिओ कॉलवर हसत असेल, कदाचित अंथरुणातून उठलीही नसेल. दोन्ही चालेल, एवढी जागा त्या वाक्यात आहे.

डब्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. स्टीलचा डबा दिला की ती दोन दिवसांनी तो घासून, त्यात लाडू नाहीतर चिवडा घालून तुमच्याकडे आणण्याच्या विचारात पडते. म्हणून परत करावा लागणार नाही असा डबा द्यावा आणि तसं आधी लिहावं. पदार्थ तिच्या एकटीपुरता असावा. चार माणसांचं अन्न एकटीच्या फ्रीजमध्ये तीन दिवस उरून राहतं आणि तेच तिला डाचतं. बऱ्याच घरांत पहिल्या वर्षात गोडधोड करत नाहीत, तेव्हा श्रीखंड-पुरीपेक्षा रोजचं जेवण बरं.

मेसेज तिच्या एकटीच्या नंबरवर पाठवावा, ग्रुपवर नाही. रात्री बाराच्या ठोक्यालाही नको; अनेक घरांत त्या मिनिटाला पहिली शुभेच्छा नवऱ्याचीच असायची. सकाळचा चहा झाल्यावरची वेळ चांगली. व्हिडिओ कॉल केला तर तिला तोंड धुऊन, चेहरा सावरून समोर यावं लागतं. अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज चालतो, तिला वाटेल तेव्हा ती ऐकेल.

खरी परीक्षा त्यानंतर असते. दोन निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही. दुपार होते, आपला जीव खालीवर होतो, चुकीचं तर लिहिलं नाही ना? मग ‘मिळाला का?’, ‘रागावलीस का?’, नुसतं प्रश्नचिन्ह. एवढ्याने सकाळचं सगळं पुसलं जातं, कारण आता तिने आपली समजूत काढायची असते. उत्तराची गरज नाही असं लिहिलंय ना, मग ते पाळायचं. साडेसहाला जायचं म्हणजे साडेसहालाच जायचं. बेल एकदा वाजवायची, दार नाही उघडलं तर पिशवी अडकवून निघायचं.

उत्तराची अपेक्षा न ठेवता लिहिलेल्या ओळींचा परिणाम तपासला गेला आहे, तो वेगळ्या आणि जास्त गंभीर संदर्भात. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी 1969पासून एक प्रयोग केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून आलेल्या, पण पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या लोकांपैकी काहींना त्यांच्या ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून पाच वर्षांत चोवीस छोटी पत्रं जात. आम्हाला तुमची आठवण आहे, एवढाच आशय. कसलाही सल्ला, कसलीही मागणी नाही. 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण कमी होतं. तुमची मैत्रीण रुग्ण नाही. पण त्या पत्रांची घडण आपल्या मेसेजला लागू पडते, विशेषतः ती पुन्हा पुन्हा जात राहिली हे.

एक मर्यादा स्पष्ट हवी. तिच्याकडून ‘आता जगून काय करायचं’ अशा अर्थाचं उत्तर आलं, तर मेसेजवर थांबू नये. लगेच फोन करावा, तिच्याकडे जावं, तिच्या मुलाला कळवावं. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मित्राची बायको गेली असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. पुष्कळ घरांत सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी तीच असते. त्याचा दिवस त्याला स्वतःलाही आठवणार नाही, आणि पुरुषाला काय लिहायचं म्हणून मित्रही गप्प राहतात. त्यालाही असाच मेसेज लिहावा, वहिनींच्या आठवणीसह.

मेसेज पाठवून झाला की त्याच बैठकीत कॅलेंडर काढून आणखी चार तारखा लिहून ठेवाव्या: त्यांच्या लग्नाचा वाढदिवस, भावोजींचा वाढदिवस, वर्षश्राद्ध आणि तिचा पुढचा वाढदिवस. वर्षश्राद्ध झालं की लोकांचं येणं-जाणं एकदम कमी होतं, म्हणून शेवटच्या तारखेखाली दोन रेघा माराव्या. त्या दिवशीचा मेसेज याहून लहान असला तरी हरकत नाही.