बैठकीनंतरची नोंद: किती लिहायचं, काय वगळायचं?

एक कल्पित, पण नांदेड-लातूरकडच्या कुणाही थेरपिस्टला ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. मुलगी सात वर्षांची, दुसरीत शिकणारी. घरी घडाघडा बोलते, शाळेत मात्र दीड वर्षात तोंडातून शब्द काढलेला नाही. मुखेडकडच्या गावातून आजी तिला एसटीने घेऊन येते, कारण आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत. आजची सहावी बैठक. खोलीतून निघता निघता आजी दारातच थांबून बोलते: मुकादमाकडून किती उचल घेतली, चुलत्याशी जमिनीवरून कसं वाजलं, मुलगा पिऊन सुनेवर कसा हात उचलतो आणि हे सगळं लेकरू बघतं.

पंचेचाळीस मिनिटांच्या कामाची नोंद आता दहा मिनिटांत लिहायची आहे. दारातल्या या बोलण्याचं काय करायचं?

गैरसमज १: जास्त लिहिलं की नोंद पक्की होते.

वस्तुस्थिती: एखादा तपशील लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारावा, याने पुढच्या बैठकीत माझं काही बदलणार आहे का? उचलीचा आकडा आणि जमिनीचा वाद यांमुळे काही बदलत नाही, म्हणून ते गळतात. आई-वडील गावी नाहीत, यामुळे घरचा सराव आजीलाच करून घ्यावा लागणार, म्हणून ते राहतं. मुलीसमोर होणारी मारहाणही राहते, कारण तिच्या भीतीशी आणि सुरक्षिततेशी तिचा थेट संबंध आहे. पण ‘वडील व्यसनी, कुटुंब भांडखोर’ असा शेरा मारायचा नाही. कुणी सांगितलं, काय सांगितलं आणि आपण त्यावर काय विचारलं, एवढंच लिहायचं. थेरपिस्टने जे पाहिलेलं नाही, ते पाहिल्यासारखं लिहू नये.

गैरसमज २: गोपनीयता पाळायची म्हणजे मोघम लिहायचं.

वस्तुस्थिती: ‘बैठक चांगली झाली, प्रगती समाधानकारक’ या ओळीने कुटुंबाचं काही झाकलं जात नाही, फक्त काम झाकलं जातं. उद्या दुसऱ्या थेरपिस्टकडे फाइल गेली तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. नेमकेपणा मुलीच्या कामाबद्दल हवा आणि संयम घरच्या गोष्टींबद्दल.

अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात रुग्णनोंदींची एक रीत रूढ केली. तिचे चार भाग आपल्या भाषेत असे होतील: सांगितलेलं, पाहिलेलं, त्याचा अर्थ आणि पुढचं काम. त्या रीतीने आजची नोंद अशी होईल:

*बैठक ६, ४५ मिनिटे, सोबत आजी.*
*सांगितलेलं: या आठवड्यात दोनदा शेजारच्या मुलीशी अंगणात बोलली. शाळेत अजून बोलत नाही. आई-वडील हंगामी कामासाठी बाहेरगावी. घरात मुलीसमोर आईला मारहाण झाल्याचे आजीने सांगितले. मुलीला कुणी मारते का, असे विचारल्यावर आजी ‘नाही’ म्हणाली.*
*पाहिलेलं: आजीशी खेळताना मोठ्याने बोलली. थेरपिस्ट तीन फुटांवर बसल्यावर १० पैकी ४ प्रश्नांना एका शब्दात उत्तर दिले. मागच्या वेळी १० पैकी १.*
*अर्थ: ओळखीच्या माणसाशी बोलणे चालू ठेवून अनोळखी माणसाने हळूहळू जवळ येण्याची पद्धत लागू पडते आहे.*
*पुढे: थेरपिस्ट दोन फुटांवर. घरी आजीसोबत रोज १० मिनिटे हाच खेळ. पुढच्या बैठकीत सुरक्षिततेबद्दल पुन्हा विचारणे.*

‘१० पैकी ४’ एवढ्या एका आकड्याने मुलीची वाटचाल कळते. तो लिहिताना घरातलं काहीच उघडं पडत नाही.

गैरसमज ३: नोंद माझी आहे, घरचे कुठे वाचणार?

वस्तुस्थिती: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि कलम २५ आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा. अल्पवयीन मुलाच्या वतीने हे हक्क सहसा पालकच वापरतात. म्हणजे एप्रिलमध्ये गावी परतलेले वडील फाइल मागू शकतात आणि ‘आजीने सांगितले’ हे शब्द त्यांच्या नजरेस पडू शकतात. त्याचा त्रास म्हातारीला आणि सुनेला होईल.

म्हणून आजी निघण्याआधीच तिला सांगावं, “आजी, तुम्ही सांगितलेलं मी थोडक्यात लिहून ठेवणार आहे. त्याने घरात काही त्रास होईल का?” एखादी माहिती उघड केल्याने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होण्याचा किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होण्याचा संभव असेल, तर तेवढा भाग न देण्याची मुभा कलम २५ मध्येच आहे. मात्र तसं रोखून ठेवल्याचं अर्जदाराला कळवावं लागतं. तेव्हा असा मजकूर वेगळ्या पानावर आणि कारणासह ठेवलेला बरा. खासगी वहीत लिहिलं म्हणजे ते कायद्याच्या बाहेर गेलं, असं मात्र धरून चालू नये.

बौद्धिक अक्षमता या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येत नाही. तरी त्या मुलांच्या नोंदीही याच काळजीने लिहायला हरकत नाही.

गैरसमज ४: नाव खोडलं की ओळख लपली.

वस्तुस्थिती: ‘मुखेडकडची, दुसरीतली, शाळेत न बोलणारी, आई-बाप कोयत्यावर’ एवढ्यावर त्या गावात मुलगी ओळखायला दुसऱ्या खुणेची गरज नाही. लहान गावात नावापेक्षा असा जोडून आलेला तपशीलच ओळख सांगतो. व्यवसायातल्या व्हॉट्सॲप गटावर सल्ला मागताना गाव, इयत्ता आणि आई-वडिलांचं काम तिन्ही वगळावं. ‘सात-आठ वर्षांचं मूल’ म्हटल्याने सल्ल्यात काही उणं पडत नाही. नोंदीच्या पानाचा फोटो तर कधीच टाकू नये.

गैरसमज ५: शाळेने मागितली तर तीच नोंद द्यावी.

वस्तुस्थिती: बाईंना निदान आणि घरचा इतिहास नको असतो, वर्गात काय करायचं ते हवं असतं. त्यासाठी वेगळं, तीन ओळींचं पत्र द्यावं: उत्तरासाठी तिला सगळ्यांसमोर उभं करू नका. मान हलवून किंवा बोट दाखवून दिलेलं उत्तर चालवून घ्या. बोलली तर त्याचा गाजावाजा करू नका. या पत्रालाही संमती लागते. मुलीला घेऊन आजी येत असली तरी ती कायदेशीर पालक नसेल, तर आई किंवा वडिलांना फोन करून विचारावं आणि कुणी, कधी होकार दिला ते नोंदीत लिहावं.

गैरसमज ६: मुलाने विश्वासाने सांगितलेलं कधीच बाहेर जाऊ द्यायचं नाही.

वस्तुस्थिती: लैंगिक अत्याचाराबाबत हे चालत नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा धोका वाटला, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी नोंदीत आपली भाषा घालू नये. आपण विचारलेला प्रश्न आणि मुलाचं उत्तर त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहावं. वेळ आणि खोलीत कोण होतं तेही लिहावं. पुढे चूक सापडली तर व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारून सही-तारीख करावी, खालचं वाचता आलं पाहिजे.

नोंदीवर सही करण्याआधी ती दोनदा वाचावी. एकदा उद्या नव्याने येणाऱ्या थेरपिस्टच्या नजरेने: सातवी बैठक कुठून सुरू करायची ते त्याला कळतंय का? आणि एकदा एप्रिलमध्ये फाइल मागायला आलेल्या वडिलांच्या नजरेने: या कागदामुळे त्या घरात कुणाला मार पडेल का?