ड्यूस किती लांबणार?

टेनिसमध्ये ४०-४० झाले की पंच 'ड्यूस' पुकारतात आणि तिथून गेम कितीही लांबू शकतो. एका खेळाडूने गुण घेतला की त्याची 'ॲडव्हांटेज'. पुढचाही घेतला तर गेम त्याचा, घालवला तर पुन्हा ड्यूस. मग सरासरी किती गुण खेळावे लागतील?

सर्व्हिस करणारा दर १० पैकी ६ गुण जिंकतो असे धरू. खेळ तीन अवस्थांमध्ये फिरतो: ड्यूस, त्याची ॲडव्हांटेज आणि प्रतिस्पर्ध्याची ॲडव्हांटेज. गेम जिंकणे किंवा हरणे या दोन अवस्थांमध्ये एकदा पोचले की परत येणे नाही. म्हणूनच गणिती अशा प्रक्रियेला शोषक साखळी म्हणतात.

फिरत्या अवस्थांमधल्या शक्यतांचा तक्ता म्हणजे Q. ड्यूसवरून आपल्या ॲडव्हांटेजला ०.६, समोरच्याच्या ॲडव्हांटेजला ०.४, आपल्या ॲडव्हांटेजवरून परत ड्यूसला ०.४, समोरच्याच्या ॲडव्हांटेजवरून ०.६. Q ला Q ने गुणले की दोन गुणांनंतर खेळ कुठे असेल त्याच्या शक्यता मिळतात, पुन्हा गुणले की तीन गुणांनंतरच्या. एखाद्या अवस्थेत असण्याच्या या सगळ्या शक्यतांची बेरीज म्हणजेच तिथे होणाऱ्या फेऱ्यांची सरासरी. अनंत पदांची ही बेरीज एका सूत्रात मावते, आणि तीच मूलभूत मॅट्रिक्स:

N = I + Q + Q² + … = (I − Q)⁻¹

सुरुवात ड्यूसपासून केली, तर N च्या पहिल्या ओळीत १.९२, १.१५ आणि ०.७७ हे आकडे येतात. सुरुवातीचा धरून सरासरी १.९२ वेळा ड्यूस, १.१५ वेळा आपली ॲडव्हांटेज, ०.७७ वेळा समोरच्याची. प्रत्येक फेरीत एक गुण खेळला जातो, म्हणून ओळीची बेरीज, सुमारे ३.८५ गुण, हेच उत्तर.

पण प्रत्यक्षात गेम २, ४, ६ अशा सम गुणांतच संपतो आणि ५२ टक्के वेळा पहिल्या दोनांतच. सरासरी वर खेचतात ते मोजके लांबलेले गेम.

१९७५ साली इंग्लंडमधल्या सरे इथे अँथनी फॉसेट आणि कीथ ग्लास यांच्या एका गेममध्ये ३७ ड्यूस झाले, एकूण ८० गुण! खेळाडू अगदी तुल्यबळ धरले, तरी पहिल्या ड्यूसनंतर ३६ वेळा परत येण्याची शक्यता सुमारे ६,८७० कोटींत एक. इथे संशय घ्यायला हवा तो आपल्या गृहीतकाचा. ड्यूसची सर्व्हिस कोर्टाच्या उजव्या बाजूने होते आणि ॲडव्हांटेजची डाव्या. एखादा उजवीकडून ६० टक्के आणि डावीकडून ४० टक्के गुण घेत असेल, तर ड्यूस परत येण्याची शक्यता ४८ वरून ५२ टक्क्यांवर जाते. एवढ्याने तो विक्रम उलगडत नाही, पण सरासरी मात्र ४.१७ गुणांवर पोचते. त्यासाठी Q मध्ये बदलावे लागतात ते ॲडव्हांटेजच्या ओळींतले दोन आकडे.