छताची ‘गलती’ आणि डिपॉझिटचे पन्नास हजार

पुण्यातला भाडेकरू पाटण्याच्या घरमालकाला मोबाइलवर हिंदीत लिहितो, “छत से गलती हो रही है, दीवार पर ओल आया है, तुम जल्दी देखो.” लिपी देवनागरीच, त्यामुळे लिहिणाऱ्याला वाटतं, जमलं. पण हिंदीत ‘गलती’ म्हणजे चूक आणि बिहारात ‘ओल’ म्हणजे सुरण. छताकडून चूक होतेय आणि भिंतीवर सुरण आलाय, असा निरोप घरमालकाला पोहोचतो. त्यात मराठीतलं आदराचं ‘तुम्ही’ हिंदीत ‘तुम’ झालं, की साठीच्या माणसाला तो उद्धटपणा वाटतो. उत्तर येत नाही आणि दोन महिन्यांनी घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.

म्हणून आधी शब्द. थेंब थेंब गळतं ते ‘टपकना’, आतून झिरपतं ते ‘रिसाव’, भिंतीची ओल म्हणजे ‘सीलन’, पोपडे म्हणजे ‘पपड़ी’, दुरुस्ती म्हणजे ‘मरम्मत’, रंगकाम म्हणजे ‘पुताई’. उत्तरेत डिपॉझिटला बहुधा ‘सिक्योरिटी’ म्हणतात. ‘कल’ हा शब्द टाळावा, कारण तो काल आणि उद्या दोन्हींसाठी चालतो, तारीखच लिहावी.

मग कारण. पाऊस थांबल्यावर चार दिवसांनीही थेंब पडत असतील, तर वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा किंवा नळाचा संशय घ्यावा. पाऊस आला की वाढत असेल, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत पाहावी. हा फरक महत्त्वाचा आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने काढायची असते, तर बाथरूम-सिंकची आतली गळती त्या फ्लॅटच्या सभासदाने. भाडेकरू सभासद नसतो. सेक्रेटरीकडे तक्रार घरमालकाच्या नावानेच जायला हवी. म्हणजे पाटण्यात बसलेल्या माणसाला नेमकं काय करायचं, हेही निरोपातच सांगावं लागतं.

समजा, भाडं १५,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००, करार ३० सप्टेंबरला संपतो आणि गळती ३ जुलैला सुरू झाली. निरोप असा जावा:

“अंकल जी, नमस्ते। आपके फ़्लैट के पीछे वाले कमरे की छत से ३ जुलाई से पानी टपक रहा है। दीवार पर चार फ़ुट तक सीलन है और पेंट की पपड़ी उतर रही है। ८ जुलाई को प्लंबर ने देखकर बताया कि रिसाव ऊपर वाले बाथरूम से है। उसी शाम मैंने आपको फ़ोन पर बताया था। फ़ोटो साथ भेज रहा हूँ। कृपया सोसाइटी के सेक्रेटरी को अपने नाम से शिकायत भेज दीजिए और २५ जुलाई तक मरम्मत करवा दीजिए। मैं ३० सितंबर को मकान ख़ाली करूँगा। सिक्योरिटी के ५०,००० रुपये उसी दिन चाबी लेते समय लौटा दीजिएगा। इस सीलन से ख़राब हुई दीवार की पुताई का ख़र्च उसमें से न काटा जाए। जवाब यहीं लिखकर दे दीजिए।”

यात धमकी नाही, पण डाग कधी आणि कशामुळे पडला याची नोंद घर सोडण्याच्या दोन महिन्यांहून अधिक काळ आधीच झाली. डिपॉझिटचं भांडण नेमकं याच मुद्द्यावर होतं: भिंत भाडेकरूने खराब केली की पाण्याने? फोनवरच्या बोलण्याचा मागे काही पुरावा उरत नाही. लेखी निरोप आणि तारखेचे फोटो उरतात.

“दुरुस्ती मीच करतो आणि भाड्यातून कापतो” हे वाक्य मात्र विचार करूनच लिहावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर दुरुस्ती घरमालकाने करायची असते. नोटीस देऊन किमान १५ दिवसांच्या वाजवी मुदतीत त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च वळता करू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आपल्या उदाहरणात ती मर्यादा ४५,००० रुपये होते. अडचण अशी, की हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे, आणि शहरांतले बहुतेक करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चे असतात. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत सहसा परवानाधारक ठरतो, भाडेकरू नव्हे. मग कलम १४ वर विसंबून भाडं थांबवलं, तर थकबाकीचा ठपका उलट आपल्यावरच येतो. अशा वेळी आधार कराराचाच: दुरुस्ती कोणाकडे आणि डिपॉझिटमधून काय कापता येईल, ही दोन कलमं निरोप लिहिण्यापूर्वी वाचून घ्यावीत.

आणि निरोप धाडण्याआधी तो एखाद्या हिंदीभाषक शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. ‘गलती’ ऐकून तो हसला, तर शब्द बदलायला अजून वेळ असतो.