रे रोडची पाटी : अक्षरांकडून शब्दाकडे

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाच्या पाटीवर मराठीत तीनच अक्षरे आहेत. 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या परिसराला मिळाले, त्याची ती खूण. पहिलीच्या वर्गातील एका मुलीला तिच्या आईसमक्ष मी या पाटीपुढे उभे केले होते. तिने बोट ठेवून म्हटले, "र ला एक मात्रा रे, र ला काना-मात्रा रो, ड." तिन्ही अक्षरे अचूक. "मग हे झाले काय?" असे विचारताच ती गप्प झाली. जन्मापासून ती रे रोडलाच राहते. हे नाव तिने हजारदा उच्चारले होते. आई कळवळून म्हणाली, "सर, हिला सगळी मुळाक्षरे येतात, बाराखडी पाठ आहे. मग वाचता का येत नाही?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेक पालकांनी विचारला असेल. 2005 साली 'प्रथम'ने सुरू केलेल्या 'असर' पाहणीत अक्षर वाचणारे मूल आणि शब्द वाचणारे मूल असे दोन वेगळे स्तर मानले जातात. मुळाक्षरे येऊनही शब्द न वाचणाऱ्या मुलाला पूर्वी वर्गात सरळ 'ढ' ठरवीत. वस्तुतः त्याला एकच कृती शिकविलेली नसते, ती म्हणजे आवाजाला आवाज जोडणे.

अडचण आपल्या लिपीच्या स्वभावात आहे. सुटे 'घ' म्हणताना त्यात 'अ' मिसळलेला असतो. 'र' म्हणतानाही तसेच. मूल "घऽ, रऽ" असे लांबवून म्हणते आणि ते जोडल्यावर त्याच्या कानाला 'घारा' असे काहीसे ऐकू येते. आपण बोलताना मात्र 'घर'मधला शेवटचा 'अ' उच्चारीतच नाही. आपण 'घर्' म्हणतो. लिहिलेले आणि बोललेले यांतील हे अंतर मोठ्यांच्या लक्षात येत नाही, मुलाला ते रोज अडवते. 'र ला काना-मात्रा रो' हे पाठांतरही येथे कामाचे नाही. त्यात चिन्हांची नावे आहेत, आवाज नाहीत. काही मुलांना 'रो' वाचण्यासाठी र, रा, रि, री अशी सारी बाराखडी मनात म्हणत यावे लागते. मुलाचे ओठ हलताना दिसले की हे ओळखावे. 'रो'पर्यंत पोहोचेतो आधीचा 'रे' विसरलेला असतो.

यावर उपाय म्हणून रोज पंधरा मिनिटांचा एक छोटा पाठ मी घेतो. तो लांबवीत नाही, पण चुकवीतही नाही.

पहिली तीन मिनिटे फळा कोरा असतो. मी "रो… ड" असे तोडून म्हणतो, मुले "रोड" असे जोडून सांगतात. मग उलट, मी "घर" म्हणतो आणि मुले त्याचे तुकडे करतात. जे मूल कानाने जोडू शकत नाही, ते डोळ्याने जोडू शकणार नाही.

पुढची तीन मिनिटे पाच-सहा अक्षरपट्ट्यांची उजळणी होते. येथे 'क कमळाचा' म्हणत नाही, फक्त 'क', तोही आखूड. सगळी मुळाक्षरे संपण्याची वाटही पाहत नाही. मोजकी अक्षरे आणि एखादी मात्रा घेऊन लगेच शब्द करावेत, हा मार्ग फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी पूर्वीच दाखविला आहे. आरंभी म, स, र, ल, न अशी अक्षरे घ्यावीत. त्यांचा आवाज ताणता येतो, त्यामुळे तो न तोडता पुढच्या अक्षरावर सरकता येते. 'क' किंवा 'ट' ताणता येत नाही. तेथे आवाज तुटतो.

नंतरची सहा मिनिटे जोडणीची. दोन पट्ट्या थोड्या अंतरावर ठेवून बोट सरकवीत मी "म्ऽऽका" असे न थांबता म्हणतो. मग पट्ट्या जवळ आणतो आणि मुले 'मका' म्हणतात. 'रो' आणि 'ड' जोडताना शेवटच्या 'ड'वर मी आवाज सोडून देतो. शेवटच्या बिनमात्रेच्या अक्षराचा 'अ' गळतो, हे नियम न सांगता मुलांच्या कानात बसते.

तीन अक्षरी शब्दांत मी स्वतः बरीच वर्षे चुकलो. 'कमळ' शिकविताना आधी 'कम' जोडून घेई आणि मग 'ळ' लावी. मुले 'कम्ळ' म्हणत आणि पुढे चित्र पाहून अंदाज करीत. पुढे ध्यानात आले की शेवटचे अक्षर बिनमात्रेचे असेल तर शेवटची दोन आधी जोडावीत : 'मळ', मग 'क-मळ'. 'बदक'चे तसेच 'ब-दक' आणि 'गवत'चे 'ग-वत'. उलट शेवटच्या अक्षराला काना, मात्रा किंवा वेलांटी असेल आणि मधले अक्षर बिनमात्रेचे असेल, तर पहिली दोन आधी जोडावीत : 'सर-डा', 'शिव-डी'. आपण बोलतो तेही 'सर्डा', 'शिव्डी' असेच. म्हणूनच शब्दाची लांबी ही त्याच्या कठीणपणाची खूण नव्हे. आमच्या शेजारचा 'दारूखाना' चार अक्षरी. पण प्रत्येक अक्षराला स्वर दिसतो, म्हणून तो 'कमळ'पेक्षा लवकर वाचला जातो.

या रीतीला मर्यादा आहेत. संस्कृतातून आलेल्या 'प्रगती'सारख्या शब्दांत मधला 'अ' टिकतो. 'बुद्ध', 'मित्र' अशा शब्दांत जोडाक्षरामुळे शेवटचा 'अ' किंचित ऐकू येतो. असे शब्द नंतर घ्यावेत. 'शिवडी'तील पहिली वेलांटी हाही एक अडसर आहे : लिहिताना ती 'श'च्या आधी दिसते, बोलताना तिचा आवाज नंतर येतो. तेथे बोट आधी 'श'वर ठेवायला शिकवावे लागते.

उरलेल्या तीन मिनिटांत मुले एक-दोन शब्द लिहितात आणि मी एकेकाला पारखतो. पारखण्याची रीत सोपी आहे. चित्र झाकावे आणि अर्थ नसलेला एखादा शब्द द्यावा, जसे 'लम' किंवा 'रासा'. मूल तो वाचत असेल तर त्याला जोडणी आली. 'कमळ' वाचणारे मूल 'लम'पाशी अडत असेल, तर ते कमळ वाचत नव्हते, ओळखीचे चित्र सांगत होते. घरी पालकांनाही ही परीक्षा घेता येईल. आईवडिलांना स्वतःला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या भावंडाकडून ती करवून घ्यावी.

त्या मुलीसाठी 'रे', 'रो' आणि 'ड' एवढ्याच पट्ट्या मी आठवडाभर वापरल्या. 'र' तोच, बदलतो तो पुढचा स्वर, हे तिच्या आधी कानाला कळले, मग डोळ्याला. त्यानंतर तिने पाटी पुन्हा वाचली. या वेळी तिने मात्रांची नावे घेतली नाहीत. "रे रोड," ती म्हणाली आणि आईकडे वळून तिने विचारले, "म्हणजे आपलेच?"